आजीची इरकल कापताना

पहिला अभ्रा आठव्या दिवशी फाटला. भाऊ सोफ्यावर जरा जोरात टेकला, चर्रकन आवाज आला आणि उशीच्या कडेने बोटभर भोक पडलं. शिवण मात्र शाबूत होती. दोरा जागच्या जागी होता, त्याच्या शेजारचं कापडच सुटलं होतं. दोष शिवणीचा नव्हता, मी साडीचा तुकडा चुकीच्या जागेचा घेतला होता. हे कळायला मला आणखी एक अभ्रा वाया घालवावा लागला.

साडी आजीची नऊवारी इरकल. अंग सुती, काठ आणि पदर रेशमी, पदरावर लाल-पांढरी नक्षी. चाळीसेक वर्षं ट्रंकेत घडी करून पडलेली, त्याआधी आजीने भरपूर नेसलेली. मी ती उघडली आणि मधोमध सरळ कात्री चालवली, कारण मधला भाग बिनडागाचा होता. पण नऊवारीचा मधलाच भाग मागे काष्ट्यात जातो आणि त्याच्यावरच माणूस दिवसभर बसतं. डाग नसला तरी जीव गेलेला असतो.

तिसऱ्या वेळी मात्र आधी साडी तपासली. सकाळी खिडकीसमोर दोघींनी धरून ती हळूहळू सरकवत नेली. उजेडात लगेच दिसतं: धड कापड सगळीकडे सारखं दाट, विटलेलं कापड मच्छरदाणीसारखं पारदर्शक. मग दोन अंगठे इंचभर अंतरावर ठेवून कापड ताणायचं, एकदा उभं, एकदा आडवं. धागे नुसते सरकले तर अस्तर लावून भागतं. बारीक ‘टिक्’ असा आवाज आला तर तो तुकडा उशीसाठी बाद. घडीच्या रेषा वेगळ्या ताणून पाहायच्या, कारण वर्षानुवर्षं त्याच जागी मोडलेलं रेशीम तिथेच चिरतं. वाईट जागांवर मी खडूने फुल्या केल्या. नऊ वारांतून साडेचार वार धड निघालं, तेही सलग नाही. आई म्हणाली, “एवढीच उरली होय?” मला तर तेवढीही जास्त वाटली.

पदर वेगळाच निघाला. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो, त्याला ‘टोपी तेणी’ म्हणतात. म्हणजे साडी एकसंध दिसली तरी तिथे दोन वेगवेगळी कापडं भेटतात: एकीकडे सूत, दुसरीकडे रेशीम. जुन्या साडीत सगळ्यात आधी मला तिथेच ताण दिसला, फाशांच्या रांगेत बारीक खिडक्या पडल्या होत्या. त्यामुळे तो जोड मी कुठल्याच अभ्र्याच्या मधोमध येऊ दिला नाही. पदर जोडापासून दोन बोटं सोडून कापला.

धुण्याआधी रंग पाहायचा राहिला होता. पांढरा सुती रुमाल ओला करून पदराच्या लाल भागावर ठेवला आणि वरून गरम इस्त्री दाबली. रुमाल गुलाबी. शेजारच्या काकूंनी मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगितलं, मी रात्रभर भिजवला, सकाळी पाणीही गुलाबी. रंगवतानाच पक्का न बसलेला रंग मिठाने पक्का होत नाही. पदरातली पांढरी नक्षी त्याच लालाने डागाळली असती, म्हणून पदर धुवायच्या वस्तूंतून कायमचा काढला. अंगाच्या निळ्या भागाचा रंग मात्र अजिबात उतरला नाही.

आता शिवण. उशी सोळा इंचाची. एरवी अभ्रा इंचभर लहान शिवतात, म्हणजे उशी फुगीर दिसते. जुन्या कापडाला तो ताण सोसत नाही. मी समोरचा तुकडा १७ बाय १७ इंचांचा कापला, चारही बाजूंनी अर्धा इंच शिवणीत गेला की पुरे सोळा उरतात. त्याच्या मागे मांजरपाट. मांजरपाट आधी रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच घ्यायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि वरची इरकल सुरकुत्यांसकट बसते. दोन्ही कापडांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवले, कडेने कच्चा टाका घातला आणि पुढे दोन्ही मिळून एकच कापड आहे असं समजून शिवलं. ओढ सगळी मांजरपाट घेतो, इरकल नुसती दिसायला वर राहते.

मागची बाजू साडीची नकोच, तिथेच घासतं. साध्या सुती कापडाचे १७ बाय साडेअकरा इंचांचे दोन तुकडे घेतले, प्रत्येकाची एक लांब कड इंचभर दुमडली आणि एकावर एक चार इंच चढवले. चेन लावायची गरज नाही आणि उशी काढताना शिवणीवर ओढही येत नाही. मशिनला अकरा नंबरची सुई, टाका तीनवर. बारीक टाका मजबूत वाटतो खरा, पण जुन्या कापडाला तो तिकिटाच्या भोकांसारखा असतो, बरोब्बर त्याच रेषेत फाटतं. आतल्या कडांना इंटरलॉक. असे चार अभ्रे झाले, दीड वर्ष झालं, दर महिन्याला हाताने धुते.

पडद्यांसाठी इरकल वापरलीच नाही. रेशमाला उन्हाचं वैर, काचेशी सतत लटकलेलं रेशीम घडीच्या टोकांवर आधी फिकटतं आणि मग चिरतं. आईची एक सहावारी सुती हातमागाची साडी होती, साडेपाच मीटर. ती मधोमध कापून दोन पाखं केली, काठ उभे दोन्ही बाजूंना आले. चार फुटी खिडकीला दोन पन्हे मिळून जवळजवळ दुप्पट घेर पडतो, तेवढा हवाच. मागे पांढरं अस्तर लावलं, पण खाली शिवलं नाही, मोकळं सोडलं. सुती साडी आणि अस्तर वेगवेगळं आटतं, खाली जोडलं तर पडदा फुगतो. आमची खिडकी पश्चिमेची असूनही एका उन्हाळ्यात फरक पडला तो फक्त अस्तराच्या बाजूने.

राहिले फुल्या मारलेले तुकडे. ते टाकवेनात. सोफ्यावर टाकायच्या पांघरुणात त्यांचे आतले दोन थर केले, कारण आतल्या कापडाला ओढ नसते, नुसती ऊब द्यायची असते. वर तो लाल पदर, खाली जुन्या धोतराचं कापड. चारही थर जमिनीवर पसरून मधून बाहेरच्या दिशेने कच्चे टाके घातले, नाहीतर मधे फुगे येतात, आणि मग दोन-दोन बोटांवर धावदोरा. हे पांघरूण धुवायचं नाही, फक्त सावलीत झटकायचं.

शिवायला तीन आठवडे लागले. शेवटच्या दिवशी आईने पदराची एक कड उलटी करून पाहिली आणि हसली. आतल्या तुकड्यावर आजीने केव्हातरी केलेलं रफू होतं, निळ्या साडीला हिरव्या दोऱ्याने. मी त्यावरही फुली मारली होती.