स्क्रू सोडले आणि तडा मिटला

एप्रिलमध्ये कोथरूडच्या एका घरातून फोन आला. सागवानी डायनिंग टेबलाला तडा गेला होता. काका म्हणाले, "लाकूड कच्चं निघालं, अजून काय! वरची फळी बदलायला किती घ्याल तेवढं सांगा." मी म्हटलं, "आधी बघू तरी द्या."

टेबल देखणं होतं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फळ्या जोडून केलेला 30 मिलिमीटर जाडीचा टॉप आणि खाली काळ्या पावडर कोटिंगची लोखंडी चौकट. आदल्या ऑगस्टमध्ये ते कोकणातून करून आणलेलं. तडा एका टोकाकडून निघून दीडेक फूट आत गेला होता आणि कडेला त्याची फट चांगली 3 मिलिमीटर रुंद होती. तो सांध्यातून गेलेला नव्हता, सांध्याच्या शेजारी फळीतूनच गेला होता. म्हणजे चिकटवण्याचं काम चोख होतं. मॉइश्चर मीटरच्या सुया दोनतीन ठिकाणी टोचल्या, तर ओलावा 8 टक्क्यांच्या आसपास. हे कच्च्या लाकडाचं लक्षण नव्हे. उलट, उन्हाळा आणि वर दिवसभर चालणारा एसी यांनी लाकूड खडखडीत वाळलं होतं.

मग मी टेबलाखाली आडवा झालो. चौकटीच्या बॉक्स पाइपला आरपार गोल भोकं पाडून स्क्रू थेट टॉपमध्ये घट्ट पिळले होते, चारही बाजूंनी. बाहेरच्या ओळीतले स्क्रू सरळ राहिले नव्हते. डोकं जागच्या जागी, पण लाकडातलं टोक टेबलाच्या मध्याकडे ओढलं गेलेलं. टॉप आत सरकायला बघत होता आणि चौकट त्याला सोडत नव्हती, हे तिथेच कळलं.

लाकूड ओलाव्याप्रमाणे कमीजास्त होतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. रेषेच्या दिशेत, म्हणजे टेबलाच्या लांबीत, सहा फुटांत मिलिमीटरभरही फरक पडत नाही. रुंदीत मात्र पडतो. उभ्या कापाच्या नसलेल्या, साध्या सरळ कापलेल्या सागवानी फळीचा ओलावा एका टक्क्याने बदलला की तिची रुंदी साधारण 0.186 टक्क्याने बदलते. ऑगस्टमध्ये कोकणात ते लाकूड 14 टक्क्यांवर असेल असं धरा. 14 वरून 8 वर म्हणजे सहा टक्के. 900 मिलिमीटर रुंदीला हिशेब येतो दहा मिलिमीटर. लोखंडाला दमट हवेशी काही देणंघेणं नाही, ते तिथेच. मधल्या मध्ये ओढ बसते ती लाकडाला, तीही रेषेला आडवी, जिथे लाकूड सर्वांत कमकुवत असतं. टोकं आधी वाळतात, म्हणून तडा टोकापासून सुरू होतो. पॉलिशमुळे हे लांबतं, थांबत नाही. या टॉपला तर खालून पॉलिशही नव्हतं.

काकांना हे सगळं सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून त्यांना तड्याजवळ खुर्ची दिली आणि मी खालून तडा गेलेल्या टोकाचे स्क्रू एकेक सोडायला लागलो. तिसऱ्या स्क्रूला लाकूड 'कट्ट' करून वाजलं. काका ओरडले, "अहो, आणखी फाटलं!" फाटलं नव्हतं. सगळे स्क्रू सुटेपर्यंत ती फट 3 मिलिमीटरवरून जेमतेम एकावर आली होती. तडा न गेलेला मधला भाग इतके दिवस ताणून धरलेला होता, तो सुटला आणि त्याने दोन्ही अर्धे जवळ ओढले. काकू स्वयंपाकघरातून येऊन बघून गेल्या. फळी बदलायचा विषय तिथेच संपला. मोकळ्या टॉपची रुंदी मोजली, 891.

टॉप कारखान्यात आणला, तड्यात हवा मारून धूळ काढली, पातळ इपॉक्सी आत खोलवर सोडली आणि क्लॅम्प लावून रात्रभर ठेवला. ते काम सोपं. खरं डोकं लावावं लागतं ते टॉप पुन्हा बसवताना.

चौकटीच्या आतल्या बाजूला 25 बाय 25 च्या लोखंडी अँगलचे तुकडे बोल्टने लावायचे ठरवलं. अँगलची एक बाजू पाइपला आणि दुसरी टॉपच्या खाली. या दुसऱ्या बाजूला गोल भोक न पाडता लांबट खाच, म्हणजे स्लॉट पाडायचा. बाजारात तयार स्लॉटवाले अँगल मिळतात, पण ते डोळे झाकून सगळीकडे सारखे लावता येत नाहीत. स्लॉट नेहमी टेबलाच्या रुंदीच्या दिशेत हवा. लांब बाजूच्या पाइपवर अँगल आतल्या दिशेला, म्हणजे रुंदीतच, बाहेर येतो. तिथे स्लॉट पाइपला काटकोनात लागतो. टोकाच्या आखूड पाइपवर तोच अँगल लांबीच्या दिशेत येतो, म्हणून तिथला स्लॉट पाइपला समांतर लागतो. एकाच प्रकारचे अँगल सगळीकडे लावले, की निम्मे स्क्रू पुन्हा जखडले गेलेच म्हणून समजा, आणि वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. फक्त दोन्ही टोकांच्या बरोबर मध्यावर मी साधं गोल भोक ठेवलं. तिथे टॉप पक्का राहतो आणि हालचाल दोन्ही कडांकडे सारखी वाटली जाते.

मध्यापासून सर्वांत लांबचा स्क्रू 380 मिलिमीटरवर होता. आठपासून सोळा टक्क्यांपर्यंतचा फेरफार धरला तर तिथे साडेपाच-सहा मिलिमीटर सरकायला जागा हवी. 5 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी स्लॉट 6 मिलिमीटर रुंद आणि 15 लांब केला, म्हणजे स्क्रूला दहा मिलिमीटर वाट मिळते. पण स्क्रू स्लॉटच्या मधोमध बसवला नाही. एप्रिलमध्ये लाकूड आकसलेलं आहे, पुढे ते फुगणारच. म्हणून स्क्रू आतल्या टोकाजवळ, आतून दोनेक मिलिमीटर सोडून. हेच काम ऑगस्टमध्ये केलं असतं तर स्क्रू बाहेरच्या टोकाजवळ घेतला असता.

स्क्रू चपट्या बुडाच्या डोक्याचे, खाली वॉशर. तिरप्या डोक्याचा स्क्रू स्लॉटमध्ये पाचरीसारखा रुततो आणि स्लॉट असून नसल्यासारखा होतो. पिळताना वॉशर टेकला की पाव फेरा मागे घ्यायचा. बोटाने वॉशर जेमतेम फिरला पाहिजे. अँगल जिथे लाकडाला टेकतो तिथे थोडं मेण लावलं. टॉपला खालूनही वरच्याइतकेच हात पॉलिश दिलं, कारण एकच बाजू ओलावा प्यायली तर फळीला बाक येतो आणि त्यावर स्लॉट हा उपाय नाही.

जुलैअखेर मुद्दाम जाऊन आलो. मीटर 12 च्या जवळ, रुंदी 897. बाहेरच्या ओळीतले स्क्रू स्लॉटमध्ये अडीच मिलिमीटर बाहेर सरकलेले आणि तडा गेलेल्या जागी नखालाही काही लागत नव्हतं. काकांना त्याच जोडीची दोन बाकं हवी आहेत. त्यांच्या चौकटी या वेळी मी कोटिंगच्या आधी मागवल्या आहेत, कारण स्लॉट नंतर पाडला की कापलेलं लोखंड उघडं पडतं आणि पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.