फोटोंचा क्रम आणि कपाशीच्या वाणांची क्रमवारी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी गटाने कपाशीच्या चार वाणांची पाने तुडतुड्यांमुळे किती कोकडली, हे फोटोंवरून ठरवायचे योजले आणि त्याची मांडणी माझ्याकडे आली. मोबाइलवर एकेक फोटो पाहून प्रत्येकाने नुकसानीला ० ते १० गुण द्यायचे आणि सरासरीवरून क्रमवारी लावायची, अशी पद्धत होती.

आधी रंगीत तालीम म्हणून थोड्या लोकांना फोटो दाखवले. निम्म्यांना क, ख, ग, घ या क्रमाने आणि निम्म्यांना उलट क्रमाने. ‘ख’ची पाने कडेने तांबूस होऊन वाटीसारखी वळलेली होती, ‘ग’चे नुकसान मध्यम होते, तर ‘घ’ बराच निरोगी होता. ‘ख’च्या लगेच नंतर ‘ग’ पाहणाऱ्यांनी त्याला साधारण ४ गुण दिले. ‘घ’नंतर पाहणाऱ्यांनी मात्र ६-७. माणूस समोरचा फोटो नुकत्याच पाहिलेल्या फोटोशी ताडून पाहतो, त्यामुळे असे होते. पहिल्या फोटोची अडचण वेगळीच. एका काकांनी ती नेमकी सांगितली, “भाऊ, पुढचे पाह्यल्याबिगर पहिल्याले किती गुण देऊ?” अशा वेळी बहुतेक जण मधलाच आकडा देऊन मोकळे होतात.

म्हणून मोजणीत न धरायचे दोन फोटो, एक अगदी निरोगी आणि एक पार करपलेला, सर्वांना आधी दाखवले. पुढच्या चार फोटोंसाठी कखघग, खगकघ, गघखक आणि घकगख असे चार क्रम घेतले. यांत प्रत्येक फोटो प्रत्येक जागेवर एकदा येतो आणि इतर प्रत्येक फोटोच्या लगेच नंतरही एकदाच येतो. ही मांडणी संख्याशास्त्रज्ञ विल्यम्स यांनी १९४९ साली दिली. नुसती चिठ्ठी टाकून क्रम काढणेही चालते, पण माणसे थोडी असतील तर एखादा फोटो योगायोगाने वारंवार पहिलाच येऊ शकतो. आमच्याकडे १२ जण होते, म्हणून प्रत्येक क्रम तिघांच्या वाट्याला आला. कोणाचे गुण दुसऱ्याला ऐकू जाऊ नयेत म्हणून ग्रामपंचायतीच्या खोलीत एकेकालाच बोलावले.

या मांडणीने एकेका माणसाच्या नजरेतला कल जात नाही. तो सर्व फोटोंवर सारखा वाटला जातो, एवढेच. तो किती होता, हे पाहण्यासाठी गुण फोटोनुसार न लावता जागेनुसार लावले. प्रत्येक जागेवर चारही फोटो तीन-तीनदा आलेले असल्याने जागांच्या सरासऱ्या जवळपास सारख्या यायला हव्यात. पहिल्या किंवा शेवटच्या जागेची सरासरी वेगळी पडली, तर क्रमाचा परिणाम उरला आहे असे समजावे. आमच्या सरासऱ्या जवळजवळ जुळल्या. शेवटी ‘ख’ सर्वांत जास्त नुकसानीचा आणि त्याच्या खाली ‘ग’ ठरला. ‘क’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक फारच थोडा असल्याने त्या दोघांना एकाच क्रमांकावर ठेवले.