दोन शून्यांची बेरीज

जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्या पेरोल विभागात गुंतवणुकीचे पुरावे गोळा करायचे दिवस. टेबलावर भाड्याच्या पावत्या, विम्याचे हप्ते, शाळेच्या फीचे कागद. अशात एक मुलगा येऊन उभा राहिला. ऑक्टोबरच्या 1 तारखेला रुजू झालेला. हातात विमा पॉलिसीचं माहितीपत्रक.

"मॅडम, एजंट म्हणतोय ही घेतली तर टॅक्स वाचेल. घेऊ का?"

मी त्याचं कर अंदाजाचं पान उघडलं. नवी करप्रणाली निवडलेली, म्हणजे विम्याच्या हप्त्याचा तसाही उपयोग नव्हता. वार्षिक कर शून्य, म्हणून पगारातून कापायचा कर म्हणजे टीडीएसही शून्य. त्याला तेच सांगून परत पाठवणार होते, तेवढ्यात नजर रुजू झाल्याच्या तारखेवर गेली आणि मग "मागील नोकरीचे उत्पन्न" या रकान्यावर. तो रिकामा होता.

"आमच्याकडे यायच्या आधी कुठे होतास?"

"दुसऱ्या कंपनीत. एप्रिल ते सप्टेंबर. महिना 1,00,000."

"तिथे टीडीएस कापायचे?"

"नाही मॅडम, तिथेही शून्यच होता."

मी त्याला खुर्चीत बसवलं.

पगारावरचा टीडीएस दर महिन्याच्या पगाराकडे बघून कापला जात नाही. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 192 प्रमाणे कंपनीने वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरचा वर्षाचा कर काढायचा आणि तो महिन्यांवर वाटायचा. दर महिन्याला हा अंदाज नव्याने होतो. वर्षाच्या करातून आतापर्यंत कापलेला वजा करतो आणि राहिलेला उरलेल्या पगारांमध्ये वाटतो. म्हणून पगारवाढ किंवा बोनस आला की पुढचे हप्ते फुगतात. पण अंदाज बांधणाऱ्याला दिसतो तो फक्त आपल्या कंपनीचा पगार.

आता या मुलाचं 2025-26 हे वर्ष घ्या. पहिल्या कंपनीने एप्रिलमध्ये महिना 1,00,000 प्रमाणे वर्षाचे 12,00,000 धरले. 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की उरले 11,25,000. नव्या प्रणालीत 12,00,000 पर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. तिथल्या पेरोलवाल्याने काहीच कापलं नाही आणि ते बरोबरच होतं. आमच्याकडे तो महिना 1,40,000 वर आला. सहा महिन्यांचे 8,40,000, त्यातून पुन्हा 75,000 वजा, उरले 7,65,000. पुन्हा कर शून्य. आम्हाला दिलेल्या माहितीवर आमचाही हिशेब बरोबर होता.

कायदा मात्र माणसाचं वर्ष एकच मानतो. मी कागदावर त्याच्यासमोर आकडे मांडले. 6,00,000 आणि 8,40,000 मिळून 14,40,000. प्रमाणित वजावट दोन कंपन्या असल्या तरी एकदाच, म्हणून करपात्र 13,65,000. हा आकडा 12 लाखांच्या बराच पुढे गेल्यामुळे सवलत पूर्ण गेली. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000 आणि उरलेल्या 1,65,000 वर 15 टक्क्यांनी 24,750. एकूण 84,750, वर 4 टक्के उपकर. झाले 88,140.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. "पण मॅडम, दोन्हीकडे शून्य होतं ना?"

हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि दरवेळी मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं. चूक कुणाचीच नसते. प्रत्येक कंपनी शून्यापासून मोजायला लागते, खालचे स्वस्त टप्पे आणि सवलत पुन्हा पहिल्यापासून देते आणि माणसाला ते दोनदा मिळाल्यासारखं दिसतं. 2025-26 साठी यावर उपाय म्हणजे फॉर्म 12बी. नव्या कंपनीला जुन्या कंपनीचा पगार, पीएफ आणि कापलेला टीडीएस कळवायचा फॉर्म. तो दिला की आम्ही ते उत्पन्न आमच्या अंदाजात मिळवतो आणि कापलेला कर वजा करतो.

"मला रुजू होताना विचारलं होतं," तो म्हणाला. "पण मला वाटलं, जुन्या कंपनीचा फॉर्म 16 आल्यावर द्यायचा."

हा गैरसमज फार पसरलेला आहे. फॉर्म 16, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला, वर्ष संपल्यावर पुढच्या 15 जूनपर्यंत येतो. तोवर आमचा मार्चचा शेवटचा पगारही होऊन गेलेला असतो. 12बी भरायला सॅलरी स्लिप आणि नोकरी सोडल्यावरच्या शेवटच्या हिशेबाचा, म्हणजे फुल अँड फायनलचा, कागद पुरतो. तो कागद मी मुद्दाम मागितला. त्याने फोनमधली मेल शोधली. नोव्हेंबरमध्ये जुन्या कंपनीने 50,000 इन्सेंटिव्ह दिला होता. सहा स्लिपांच्या बेरजेत तो कुठेच नव्हता. त्यावर 15 टक्के म्हणजे 7,500, उपकरासह 7,800. एकूण कर 95,940 झाला.

ऑक्टोबरमध्ये कळलं असतं, तर पुढे इन्सेंटिव्ह येणार हे धरून सहा पगारांत महिना 15,990 कापले असते. आता तीनच पगार उरले होते. महिना 31,980.

"एकदम एवढे? घरी पैसे पाठवतो मी."

मी त्याला दुसरी वाटही सांगितली, कारण 12बी देणं कर्मचाऱ्याच्या मर्जीवर असतं. न देता त्याने 15 मार्चच्या आत स्वतः आगाऊ कर भरला असता तरी चाललं असतं, पण आधीचे हप्ते चुकल्याचं थोडं व्याज लागलंच असतं. आणि काहीच न करता जुलैअखेर विवरणपत्र भरायला बसला असता, तर 95,940 एकदम आणि कलम 234बी व 234सी खाली साडेआठ हजारांहून अधिक व्याज. पगारातून मार्चपर्यंत पूर्ण कापून गेलं तर व्याजाचा प्रश्नच येत नाही.

त्याने दोन मिनिटं विचार केला. "कापा मॅडम. तीन महिने ओढून नेतो."

पेरोल लॉक व्हायला दोन दिवस होते. त्याने तिथेच 12बी भरला. जुन्या कंपनीचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नोंदणी नंबर, मिळेना. टीडीएसच कापलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या नावावर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, 26एएसमध्ये, त्या कंपनीची नोंद दिसत नव्हती. शेवटी त्याने तिथल्या एचआरला फोन करून मागवला. मी रकान्यात 6,50,000 टाकले, हिशेब पुन्हा चालवला आणि जानेवारीच्या ओळीत 31,980 उमटले. विम्याचं माहितीपत्रक तो टेबलावरच विसरून गेला.

तो गेल्यावर मी एप्रिलनंतर रुजू झालेल्या सगळ्यांची यादी काढली आणि मागील उत्पन्नाचा रकाना रिकामा असलेली नावं वेगळी केली. अकरा निघाली. त्यातल्या दोघांची ती पहिलीच नोकरी होती. उरलेल्या नऊ जणांना मी त्याच दुपारी एकेक करून फोन लावायला घेतले.