टाय झालेल्या सामन्यावरचे माझे दहा पौंड

मी लेस्टरला राहतो. इथे क्रिकेटवर पैज लावणं कायदेशीर आहे. 2 ऑगस्ट 2024 ला कोलंबोच्या वनडेत मी भारताच्या विजयावर 1.40 च्या भावाने दहा पौंड लावले होते. श्रीलंकेच्या 230 धावा झाल्या होत्या. शिवम दुबेने धावसंख्या बरोबरीत आणली, विजयाला फक्त एक धाव हवी होती, आणि असलंकाने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दुबे आणि अर्शदीप दोघांना पायचीत केलं. सामना टाय. सुपर ओव्हरची वाट पाहत बसलो, पण खेळाडू हस्तांदोलन करून निघून गेले.

रात्री खात्यात सात पौंड जमा झाले होते. दहा परत मिळाले असते तर पटलं असतं, चौदा तर मिळणार नव्हतेच; पण हे सात कुठून आले? कंपनीला चॅटवर विचारलं. तिथल्या बाईंनी क्रिकेटच्या नियमांतलं कलम पाठवलं: टायनंतर विजेता ठरला नाही तर ‘डेड हीट’. म्हणजे पैज अर्धी करायची. पाच पौंड जिंकले असं धरून 1.40 ने सात द्यायचे, उरलेले पाच गेले.

यातली खोच अशी, की भाव 2 पेक्षा कमी असेल तर टायमध्ये नुकसानच होतं. त्याच सामन्यात कुणी श्रीलंकेवर 3 च्या भावाने दहा लावले असतील, तर त्याला पाचाचे पंधरा मिळाले, म्हणजे सामना न जिंकता पाच पौंड नफा! काही ठिकाणी अशी पैज रद्द धरून पूर्ण रक्कम परत देतात, आणि ‘टाय’ हा तिसरा पर्याय भावासकट दिला असेल तर दोन्ही संघांवरचे पैसे बुडतात. त्यामुळे पैज लावायच्या आधी त्या बाजारात, म्हणजे पैजेच्या पर्यायांच्या यादीत, दोन नावं आहेत की तीन, एवढं बघावंच.

मी चिकाटीने पुढचा प्रश्न टाकला, कारण नंतर बातम्या आल्या की नियमानुसार तिथे सुपर ओव्हर व्हायला हवी होती. उत्तर सरळ होतं: सामनाधिकाऱ्यांनी जाहीर केलेला निकाल तोच आमचा निकाल. हे मला न्याय्य वाटलं नाही, पण कलमात तसंच लिहिलेलं होतं, म्हणून तक्रार पुढे लवादाकडे नेली नाही.

सुपर ओव्हर झाली, तर मात्र विजेत्यावरची पैज तिच्या निकालावर सुटते. जानेवारी 2024 मध्ये बंगळुरूला भारत-अफगाणिस्तान 212-212 झाले, पहिली सुपर ओव्हर 16-16, आणि दुसरीत भारत जिंकला. भारतावर लावणाऱ्यांना पूर्ण पैसे मिळायला हवेत. 2019 ची लॉर्ड्सवरची विश्वचषक फायनल सुपर ओव्हरही टाय झाल्यावर चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंडला गेली, त्यानंतर आयसीसीने तो निकष काढला. मात्र ‘सर्वाधिक धावा कुणाच्या’सारख्या बाजारांत सुपर ओव्हरच्या धावा बहुतेक कंपन्या धरत नाहीत.