ओडी रीडिंगवरून जनरेशन टाइम काढला, त्याचा माझा अनुभव

प्रोजेक्टसाठी मला ई. कोलाय या बॅक्टेरियाचा जनरेशन टाइम, म्हणजे पेशी दुप्पट व्हायला लागणारा वेळ किंवा डबलिंग टाइम, आणि ग्रोथ रेट काढायचा होता. एलबी मीडियम, 37 डिग्री, शेकर 180 आरपीएमवर, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 600 नॅनोमीटरला ओडी, म्हणजे कल्चर किती गढूळ झालं त्याचं माप, अगदी नेहमीचा प्रयोग. सूत्र तर सगळ्यांनाच पाठ असतं. पण एकाच फ्लास्कच्या रीडिंगवरून मी मुद्दाम वेगवेगळ्या पद्धतीने गणित करून बघितलं, तर उत्तर 24 मिनिटांपासून 31 मिनिटांपर्यंत कुठेही यायला लागलं. कल्चर तेच, मशीन तेच. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की यातलं खरं काम सूत्रात नाही, सूत्रात कुठले आकडे घालायचे हे ठरवण्यात आहे, म्हणून ते सविस्तर लिहितोय.

आधी सेटअप पटकन सांगतो. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधून 0.25 मिली घेऊन 50 मिली ताज्या, आधीच 37 ला गरम करून ठेवलेल्या एलबीत टाकलं, फ्लास्क 250 मिलीचा, म्हणजे हवा नीट मिळते. दर 20 मिनिटांनी 1 मिली सॅम्पल काढायचं आणि फ्लास्क लगेच परत शेकरवर, कारण बाहेर रेंगाळला की तापमान उतरतं आणि वाढ मंदावते, मग आपण मोजतो ते 37 डिग्रीचं राहतच नाही. क्युवेट टिश्यूने पुसायचा, बुडबुडा नाही ना बघायचं, आणि वाचायच्या आधी सॅम्पल हलक्या हाताने मिक्स करायचं कारण पेशी खाली बसतात. माझे रीडिंग असे आले, ब्लँक, म्हणजे पेशी नसलेल्या द्रवाचं रीडिंग, वजा करून:

```
मिनिटं   ओडी
0        0.021
20       0.024
40       0.035
60       0.061
80       0.108
100      0.193
120      0.342
140      0.53
160      0.74
```

आता पहिला प्रश्न ब्लँकचा. आमच्या लॅबमध्ये कुणी डिस्टिल्ड वॉटरने झिरो करतं, कुणी मीडियमने, आणि बरेच जण म्हणतात काय फरक पडतो, सगळ्याच रीडिंगमध्ये तेवढंच जास्त येणार ना, ओडीच्या लॉगचा वेळेविरुद्धचा स्लोप तर तोच राहील. तर नाही राहत! आमचा एलबी पाण्याच्या तुलनेत 0.040 दाखवत होता. हे 0.040 सगळ्यांत मिळवून बघा, 60 व्या मिनिटाचं 0.061 होतं ते 0.101 होतं, आणि 120 व्या मिनिटाचं 0.342 होतं ते 0.382. खऱ्या आकड्यांत या तासाभरात वाढ साधारण साडेपाच पट आहे, पाण्याच्या ब्लँकने ती पावणेचार पटच दिसते, आणि जनरेशन टाइम 24 च्या जागी 31 मिनिटं येतो. ही चूक फार वाईट आहे कारण ग्राफ बघून पटकन कळत नाही, आकडे छान वाढत जाताना दिसतात.

याची गंमत अशी की उलट प्रकारची चूक मात्र अजिबात त्रास देत नाही. समजा मशीन प्रत्येक रीडिंग 10 टक्के जास्त दाखवतंय, किंवा शेजारच्या लॅबचा स्पेक्ट्रो तुमच्यापेक्षा वेगळा आकडा देतो (देतोच, कारण ओडी म्हणजे इथे शोषण कमी आणि पेशींवरून विखुरलेला प्रकाश जास्त, आणि त्यातला किती डिटेक्टरपर्यंत पोचतो हे मशीनच्या रचनेवर अवलंबून असतं). तर लॉग घेतल्यावर तो गुणाकार बेरीज होऊन जातो, सगळी रेघ एकसारखी वर सरकते आणि स्लोप जिथल्या तिथे. म्हणून ग्रोथ रेटसाठी ओडीचं पेशींच्या संख्येत रूपांतर करायची गरज नाही, ओडी आणि संख्या यांचं गुणोत्तर कायम असलं की बास. गुणाकाराची चूक लॉगमध्ये निघून जाते, बेरजेची चूक राहते. एवढं एक वाक्य मला सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर बराच वेळ वाचला असता. ब्लँक त्याच बॅचच्या, न वापरलेल्या मीडियमचा, आणि शक्यतो त्याच क्युवेटमध्ये.

आता हे गुणोत्तर कायम कुठपर्यंत असतं? पेशी दाट झाल्या की एका पेशीवरून विखुरलेला प्रकाश दुसरीवर आपटून परत डिटेक्टरकडे जातो, त्यामुळे मशीनला पेशी आहेत त्यापेक्षा कमी वाटतात. साधारण 0.4 च्या पुढे हे जाणवायला लागतं, पण नेमकं कुठे ते प्रत्येक मशीनचं वेगळं, म्हणून मी माझ्या मशीनवर तपासलं. 120 मिनिटांपासून पुढे प्रत्येक सॅम्पल दोनदा वाचलं, एकदा तसंच आणि एकदा 200 मायक्रोलीटर कल्चरमध्ये 800 मायक्रोलीटर एलबी घालून, म्हणजे पाच पट पातळ करून. (पाण्यात पातळ करू नका, नाहीतर ब्लँकचा गोंधळ परत मागच्या दाराने आत येतो.) 120 ला पातळ केलेलं 0.069 आलं, गुणिले 5 म्हणजे 0.345, तसंच वाचलेलं 0.342, म्हणजे जुळलं. 140 ला पातळ 0.119, गुणिले 5 म्हणजे 0.595, आणि तसंच वाचलेलं फक्त 0.53. 160 ला तर 0.925 विरुद्ध 0.74, एवढा फरक!

आता गंमत बघा, पातळ न करता वाचलेले आकडे धरले तर 120 ते 140 या वेळात डबलिंग टाइम साडेएकतीस मिनिटांवर गेल्यासारखा दिसतो, आणि आपण लिहून मोकळे होतो की कल्चर लॉग फेजमधून, म्हणजे एकसारख्या वेगाने दुप्पट होण्याच्या टप्प्यातून, बाहेर आलं. पातळ केलेल्या आकड्यांनी तोच टाइम 25 मिनिटं येतो, म्हणजे वाढ जवळपास तशीच चालू होती, वाकली ती मशीनची बाजू. त्यानंतरच्या 20 मिनिटांत मात्र पातळ करूनही 31 मिनिटं आली, ही खरी मंदी, कारण एलबीत सहज वापरता येण्यासारखे पदार्थ लवकर संपायला लागतात आणि ई. कोलायचा वेग ओडी 1 च्या बऱ्याच आधीच उतरायला लागतो. मशीनचं वाकणं आणि कल्चरचं मंदावणं ग्राफवर अगदी सारखं दिसतं. पातळ केल्याशिवाय वेगळं करता येत नाही.

खालच्या टोकाला वेगळीच अडचण. सुरुवातीच्या रीडिंगमध्ये एक तर लॅग फेज, म्हणजे वाढीने वेग घ्यायच्या आधीचा काळ, असते, आणि लॅगमध्ये पेशी विभागायच्या आधी आकाराने मोठ्या होतात त्यामुळे ओडी थोडा चढतो पण संख्या तेवढी वाढलेली नसते. दुसरं म्हणजे 0.035 सारख्या आकड्यात 0.003 चा डगमग धरला तरी ती 8-9 टक्के चूक झाली. माझ्या आकड्यांत 40 ते 60 मिनिटांचा डबलिंग टाइम 25 येतो, बरा दिसतो, पण 0.035 च्या जागी 0.032 किंवा 0.038 वाचलं गेलं असतं तर तोच 21-22 पासून 29 पर्यंत कुठेही आला असता. म्हणून 0.05 च्या खालचं मी सरळ सोडून दिलं.

खिडकी, म्हणजे गणितात कुठल्या वेळेपासून कुठपर्यंतचे रीडिंग धरायचे ते, निवडायला मी साधी युक्ती वापरतो, आधी ग्राफवर रेघ न मारता शेजारशेजारच्या दोन रीडिंगमधून डबलिंग टाइम काढत जायचा. माझे आले 104, 37, 25, मग 24.3, 23.9, 24.2, मग पातळ करून 25.0 आणि 31.4. हे आकडे एका ओळीत लिहिले की सपाट भाग डोळ्यांना आपोआप दिसतो, 60 ते 120 मिनिटं, चार रीडिंग. लॉग फेज म्हणजे हाच सपाट भाग, बाकी काही नाही.

आणि इथे आर स्क्वेअरवर विसंबू नका हे कळकळीने सांगतो. मी वरच्या टेबलमधल्या नऊच्या नऊ पॉइंटमधून रेघ घातली, लॅग आणि वाकलेला भाग सगळं धरून, तरी आर स्क्वेअर 0.99 आला आणि जनरेशन टाइम 28.4 मिनिटं. बघायला झकास रेघ, आणि उत्तर चुकीचं. सतत वाढणाऱ्या आकड्यांत आर स्क्वेअर असाही चांगलाच येतो, त्याने खिडकी बरोबर आहे हे सिद्ध होत नाही.

मग गणित दोन ओळींचं. ए कॉलममध्ये मिनिटं, बी मध्ये ओडी, सी मध्ये ओडीचा नॅचरल लॉग, आणि माझे 60 ते 120 चे पॉइंट 5 ते 8 ओळीत होते:

```
=SLOPE(C5:C8, A5:A8)
=LN(2)/SLOPE(C5:C8, A5:A8)
```

पहिल्याचं उत्तर 0.0288 प्रति मिनिट, म्हणजे तासाला 1.73, दुसऱ्याचं 24.1 मिनिटं. एक्सेलमध्ये LOG लिहिलं तर ते 10 च्या बेसचं असतं, LN नाही, तेव्हा जपून. दहाचा लॉग वापरायचाच असेल तर वर LN(2) च्या जागी 0.301 घ्या, जनरेशन टाइम तोच येतो, पण स्लोप म्हणजे म्यू, म्हणजे स्पेसिफिक ग्रोथ रेट, राहत नाही, त्याला 2.303 ने गुणावं लागतं.

अजून एक जागा जिथे लोक अडकतात. माझ्या मैत्रिणीचा ग्रोथ रेट तासाला 2.49 आला आणि माझा 1.73, आणि दोघांचा जनरेशन टाइम सारखाच! आम्ही दोघं कितीतरी वेळ आकडे तपासत बसलो होतो. तिने 60 भागिले 24.1 केलं होतं, म्हणजे तासाला किती पिढ्या, आणि मी काढला होता म्यू, म्हणजे स्पेसिफिक ग्रोथ रेट. दोन्ही बरोबर, दोन्हींचं एकक प्रति तास, आणि पिढ्यांच्या आकड्याला 0.693 ने गुणलं की म्यू मिळतो. म्हणून आता मी नुसतं "ग्रोथ रेट" लिहीत नाही, कुठला ते लिहितो, आणि सोबत मीडियम, तापमान आणि कुठल्या ओडीपासून कुठल्या ओडीपर्यंतचे पॉइंट घेतले तेही.

राहिला रेप्लिकेटचा मुद्दा. एकाच फ्लास्कमधलं सॅम्पल तीनदा वाचणं म्हणजे तीन रेप्लिकेट नव्हेत, त्याने फक्त मशीन किती डगमगतं ते कळतं. वेगळ्या कॉलनीपासून सुरू केलेले वेगळे फ्लास्क घ्या, प्रत्येकाचा स्लोप वेगळा काढा आणि मग स्लोपची सरासरी घ्या. सगळ्यांचे ओडी आधी सरासरी करून एकच रेघ घालू नका, एखादा फ्लास्क लॅगमधून उशिरा बाहेर आला असेल तर त्या सरासरीत त्याची लॅग बाकीच्यांच्या लॉग फेजमध्ये मिसळते.