आमची वाटचाल : माळ्यावरची अकरा पोती

शिरोली एमआयडीसीत १९९८ साली दोन लेथवर आमचं वर्कशॉप सुरू झालं, तेव्हा वर्षाचे कागद एका खोक्यात मावायचे. फौंड्रीतून कास्टिंग यायचं, मशीनिंग होऊन परत जायचं. चलन आणि बिल, एवढाच पसारा. पुढे मशीनं वाढली, माणसं सोळा झाली आणि ऑफिसच्या माळ्यावर पोती चढत गेली. कागद टाकायचाच नाही, हा बाबांचा नियम. माझा त्याहून वाईट होता : दिवाळीच्या साफसफाईत जे पिवळं दिसेल ते रद्दीत.

२०२३ मध्ये चार वर्षांपूर्वी घेतलेला लेथ विकायला काढला. सीए मॅडमनी खरेदीचं बिल मागितलं. खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं यंत्र विकताना ते कधी घेतलं आणि त्यावर किती क्रेडिट घेतलं, यावरून भरायच्या कराचा हिशेब होतो. ते बिल माझ्याच साफसफाईत गेलं होतं. डीलरकडून नक्कल मिळवायला तीन आठवडे गेले आणि तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं.

त्यानंतर मॅडम, ऑफिस सांभाळणाऱ्या काकू आणि मी असे एका शनिवारी पोती खाली उतरवून कागदांच्या मुदतींचा तक्ता करायला बसलो. मी वही उघडून विचारलं, "कुठला कागद किती वर्षं ठेवायचा ते सांगा." मॅडम म्हणाल्या, "वर्षं नंतर बघू. मोजायला सुरुवात कधीपासून, ते आधी लिहा."

मी आजवर चुकत होतो ते इथेच. जीएसटीचे हिशेब, बिलं, चलनं ७२ महिने ठेवायची, हे मला ऐकून माहीत होतं. म्हणजे सहा वर्षं, म्हणून मी ३१ मार्चपासून सहा मोजायचो. कायद्यात मात्र त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने आहेत. २०२१-२२ चं उदाहरण घ्या. त्या वर्षाच्या रिटर्नची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती. तिथून सहा वर्षं म्हणजे ३१ डिसेंबर २०२८. माझ्या पद्धतीने तोच गठ्ठा मार्च २०२८ मध्ये, नऊ महिने आधीच रद्दीत गेला असता. आणि एप्रिल २०२१ चं बिल सुटेल तेव्हा जवळजवळ पावणेआठ वर्षांचं झालेलं असेल. शेवटची तारीख सरकारने वाढवली, तर मोजणीही पुढे सरकते. म्हणून काकू आता पोत्यावर वर्षाबरोबर 'जानेवारी २०२९ नंतर' असंही जाड मार्करने लिहितात. पुढच्या माणसाला हिशेब करावा लागू नये.

मशीनच्या बिलाचं घड्याळ तर खरेदीला सुरूच होत नाही. मशीन आपल्याकडे आहे तोवर बिल फाइलीत. ते विकलं की विक्रीच्या वर्षाच्या गठ्ठ्यात खरेदीचं बिलही जातं आणि तिथून मोजणी सुरू होते. आम्ही प्रत्येक मशीनची वेगळी पातळ फाइल केली : बिल, कर्जाचे कागद, विमा.

कामगारांच्या कागदांवर आमची थोडी वादावादी झाली. हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं जागा फार खातात. ती कामगाराने नोकरी सोडल्यापासून दहा वर्षं ठेवायची, असं आम्ही ठरवलं. हा आकडा कायद्यातला नाही, आमचा आहे. काकूंनी आणखी एक मागितलं. प्रत्येक कामगाराचं एक पान : नाव, जन्मतारीख, रुजू आणि सोडल्याची तारीख, पीएफ नंबर. हे पान कधीच टाकायचं नाही. आमचा एक जुना टर्नर निवृत्तीनंतर पेन्शनच्या कामाला आला, तेव्हा त्याची रुजू तारीख शोधण्यात काकूंचा आख्खा दिवस गेला होता.

तक्त्यावर एक गोष्ट मात्र सगळ्या तारखांच्या वर आहे. नोटीस आली किंवा अपील चालू असलं, तर त्या वर्षाच्या पोत्याला लाल दोरी. निकाल लागल्यावरही त्या प्रकरणाचे कागद एक वर्ष ठेवायचे, मूळ मुदत त्याहून लांब असेल तर तोवर. लाल दोरी काकूही मला विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

आमची मालकी फर्म आहे, म्हणून एवढ्यावर भागलं. मेहुण्याची प्रायव्हेट लिमिटेड आहे. त्याला हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. त्यामुळे आमचा तक्ता त्याने जसाच्या तसा उचलू नये, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

पेट्रोल, टोल, कुरिअरच्या गुळगुळीत पावत्यांची गंमत वेगळी. मुदत संपायच्या आत अक्षरंच उडून जातात. त्या आल्या त्या आठवड्यात झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचतो.

अकरातली चार पोती त्या वर्षी गेली. सगळी व्हॅटच्या काळातली, ज्या वर्षांचे निर्धारण आदेश हातात होते ती. आदेश ठेवले, बाकीचे कागद गेले. रद्दीवाल्याला देण्याआधी आधार आणि पॅनच्या झेरॉक्स काकूंनी वेगळ्या काढून फाडल्या. काय टाकलं, कोणत्या वर्षाचं, कोणत्या तारखेला, हे एका वहीत लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या. बाबांनी ती वही मागून वाचली आणि १९९८ च्या खोक्याचं काय केलं, एवढंच विचारलं. ते तक्त्यात घ्यायचं राहूनच गेलं होतं.