पॅकेज ९९९ चं, बिल २०४९ चं

"काकू, व्हिटॅमिन डी पण घालू का? सगळेच करतात." आईच्या दंडाला पट्टा बांधता बांधता लॅबवाल्या मुलाने विचारलं. आईने मान हलवली.

बिल आलं. पॅकेज ९९९, घरी येऊन रक्त घेण्याचे १५०, व्हिटॅमिन डी ९००.

मग पॅकेजची यादी उघडून बसलो. जाहिरातीत '७२ टेस्ट'. त्यातल्या वीसेक तर एकट्या सीबीसीच्या! हिमोग्लोबिन, पेशी, प्लेटलेट, प्रत्येक आकडा वेगळी टेस्ट म्हणून मोजलेला. कोलेस्टेरॉलमधले रेशो तर नुसते भागाकार, त्यांना रक्ताचा जादा थेंबही लागत नाही. आणि आईला शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तीन महिन्यांची, एचबीएवनसी? ती यादीतच नाही. उपाशीपोटीची शुगर तेवढी आहे.

लॅबला फोन केला. बाई गोड बोलल्या, "सर, होम कलेक्शन पॅकेजमध्ये नसतं, खाली बारीक अक्षरात आहे." होतं खरं.

एचबीएवनसी त्याच सकाळच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतून होते, म्हणून ती लगेच लावायला सांगितली. दुसरी सुई वाचली, पैसे नाही.

सांगलीत कुणाला टेस्टची नावं आणि घरी येण्याचा चार्ज आधीच लिहून देणारी लॅब माहीत आहे का?